घरच्या जबाबदारीमुळे प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा आहे: विद्यापीठाला पत्र कसे लिहावे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे, सप्टेंबरमध्ये निघायचे आहे, आणि तेवढ्यात घरात कोणीतरी अंथरुणाला खिळले. दरवर्षी मे-जूनमध्ये अशा मुलामुलींचे फोन येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवत आहे. इतर देशांबद्दल शेवटाकडे थोडे लिहिले आहे, बाकी सगळे ब्रिटन धरून आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. सांगलीची एक मुलगी आहे. तिला सप्टेंबर 2026 साठी पर्यावरणशास्त्राच्या एमएससीला प्रवेश मिळाला. मार्च 2026 मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे.

असे पत्र लिहिले तर विद्यापीठ ऐकते का?

बऱ्याच वेळा ऐकते, पण तो आपला हक्क नव्हे. अनेक विद्यापीठे एकदाच आणि एकच वर्ष पुढे ढकलू देतात. काही विभाग अजिबात देत नाहीत, विशेषतः जागा मोजक्या असतात तिथे. म्हणून पत्राला हात घालण्याआधी ऑफर लेटरमधल्या अटी आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे डिफरलचे, म्हणजे प्रवेश पुढे ढकलण्याचे, पान पूर्ण वाचा. त्यासाठी वेगळा फॉर्म असेल तर तोच भरायचा आणि पत्र त्याला जोडायचे. फॉर्म असताना नुसता ईमेल पाठवला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

पत्रात नेमके काय हवे? आमच्या घरची परिस्थिती सगळी सांगावी का?

सगळी नको. वाचणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात आणि पत्राने त्यांचीच उत्तरे द्यायची असतात. ही जबाबदारी तुमच्यावरच का? एकच वर्ष का? पुढच्या सप्टेंबरपर्यंत असे काय बदलणार आहे, की तेव्हा तुम्ही नक्की याल?

आपल्याकडची पत्रे पहिल्याच प्रश्नावर अडकतात. वडिलांचा आजार, घरावर कोसळलेले संकट, आईची अवस्था हे सगळे दोन पाने येते आणि शेवटी एका ओळीत विनंती असते. वाचणाऱ्याला वाईट वाटते, यात शंका नाही. पण त्याला पुढच्या वर्षीची एक जागा तुमच्या नावावर लिहायची असते, आणि ती रिकामी जाणार नाही याची खात्री त्या दोन पानांत कुठेच सापडत नाही. माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक पत्रांत नेमके त्याचेच उत्तर नसते.

सांगलीच्या मुलीकडे हे उत्तर पक्के आहे, फक्त ते तिच्या लक्षात आलेले नसते. आईचा जन्म मे 1969 चा. वयाची 58 वर्षे मे 2027 मध्ये पूर्ण होतात, म्हणजे 31 मे 2027 ला आई नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणार. भावाची बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्च 2027 मध्ये संपते. जूनपासून आई दिवसभर घरी असेल, भाऊ मोकळा असेल. ‘एक वर्ष’ हा आकडा हवेतून आलेला नाही, त्याला तारीख आहे आणि त्या तारखेला कागद आहे. पत्राचा कणा हाच.

तुमच्या घरात अशी सरळ तारीख नसेल तर शोधा. नोकरी करणाऱ्या भावाची बदली जवळ होणार आहे का? डॉक्टरांनी उपचारांचा कालावधी सांगितला आहे का? परदेशातली बहीण अमुक महिन्यात परत येणार आहे का? काहीच सापडले नाही तर तेही मान्य करावे लागते. जबाबदारीला शेवट दिसत नसताना एक वर्षाने येतो म्हणून लिहिणे बरोबर नाही, त्यापेक्षा प्रवेश सोडून सवड होईल तेव्हा नव्याने अर्ज करणे बरे.

‘तुम्हीच का’ याचे उत्तर कसे लिहावे? आमच्याकडे मुलांनीच करायचे असते.

ते तुम्हाला-मला कळते. मँचेस्टर किंवा लीड्सच्या प्रवेश विभागात बसलेल्या माणसाला ते सांगावे लागते. त्याच्या मनात साधा प्रश्न येऊ शकतो, की माणूस का ठेवत नाहीत? त्यावर ‘आमच्या संस्कृतीत असे असते’ हे उत्तर देऊ नका. घरात कोण कोण आहे, प्रत्येकाचा दिवस कसा जातो आणि म्हणून कोण उरते, ते दोन-तीन वाक्यांत सांगा.

आजारी माणसासाठी रोज काय करावे लागते, तेही एका वाक्यात लिहा. सकाळी उठवून बसवणे, अंघोळ, वेळच्या वेळी गोळ्या, आठवड्यातून पाच दिवस फिजिओथेरपीला नेणे-आणणे, जेवण भरवणे. आई सकाळी शाळेत जाते आणि संध्याकाळी येते, भावाचे कॉलेज आणि क्लास असतो, मधल्या वेळेत घरात तिसरे माणूस नाही. एवढे वाचले की ‘तुम्हीच का’ वेगळे समजवावे लागत नाही. ‘वडिलांची सेवा करायची आहे’ या वाक्यातून मात्र त्याला काहीच कळत नाही.

काका-काकू शेजारी राहत असतील, तर त्यांचा उल्लेख टाळू नका. ते काय करतात आणि काय करू शकत नाहीत, ते एका वाक्यात येऊ द्या.

नमुना पत्र मिळेल का?

पत्र इंग्रजीत जाणार, पण आधी मराठीत लिहून काढा. आपण काय म्हणतोय ते आधी आपल्याला स्पष्ट होते. सांगलीच्या मुलीच्या पत्राचा मजकूर असा:

> प्रति, पदव्युत्तर प्रवेश विभाग
>
> विषय: प्रवेश सप्टेंबर 2026 ऐवजी सप्टेंबर 2027 पासून मिळण्याबाबत (अर्ज क्रमांक, अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव)
>
> महोदय/महोदया,
>
> एमएससी पर्यावरणशास्त्र या अभ्यासक्रमासाठी आपण दिलेली ऑफर मी 10 एप्रिल 2026 रोजी स्वीकारली आहे. माझा प्रवेश एक वर्ष पुढे, म्हणजे सप्टेंबर 2027 पर्यंत, न्यावा अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.
>
> मार्च 2026 मध्ये माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू अधू झाली असून त्यांना दिवसभर सोबत लागते आणि आठवड्यातून पाच दिवस फिजिओथेरपीला न्यावे लागते. माझी आई पूर्णवेळ शिक्षिका असून सध्या घर तिच्या पगारावर चालते. धाकटा भाऊ बारावीत शिकतो. त्यामुळे दिवसा वडिलांची काळजी घेण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.
>
> ही व्यवस्था एका वर्षासाठी आहे. भावाची परीक्षा मार्च 2027 मध्ये संपेल आणि आई 31 मे 2027 रोजी सेवानिवृत्त होईल. त्यानंतर वडिलांची काळजी ती घेणार आहे. त्यामुळे सप्टेंबर 2027 मध्ये मी अभ्यासक्रमाला रुजू होऊ शकेन.
>
> ऑफरमधील पदवीची अट मी याच वर्षी पूर्ण करत आहे. निकाल लागताच गुणपत्रिका पाठवीन. माझी आयईएलटीएस परीक्षा ऑक्टोबर 2025 मधील आहे. भरलेले डिपॉझिट पुढील वर्षासाठी कायम ठेवावे, ही विनंती. या वर्षात मी अन्य कोणत्याही पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार नाही.
>
> डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि आईच्या सेवानिवृत्तीचे पत्र सोबत जोडले आहे.
>
> आपली विश्वासू,

पहिल्या परिच्छेदातच मागणी आली आहे, याकडे लक्ष द्या. आपल्याला कारण आधी आणि मागणी शेवटी लिहायची सवय असते. पण ज्याला दिवसाला शेकडो ईमेल चाळायचे असतात, त्याला पहिल्या चार ओळींत कळले पाहिजे की हे पत्र कशाबद्दल आहे. एका पानाच्या पुढे जाऊ नका.

पुरावे कोणते जोडावेत?

दोन पुरेसे होतात: जबाबदारी आहे हे दाखवणारा एक कागद आणि ती कधी संपेल किंवा हलकी होईल हे दाखवणारा दुसरा.

पहिल्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे लेटरहेडवरचे छोटे प्रमाणपत्र घ्या. आजार काय, केव्हापासून, रोज सोबत लागते का आणि साधारण किती काळ, एवढे त्यात हवे. डिस्चार्ज समरीची आठ पाने, एमआरआय आणि रक्ताचे रिपोर्ट पाठवण्याची गरज नाही. तो वडिलांचा खासगी मामला आहे. प्रमाणपत्र पाठवतानाही त्यांना सांगूनच पाठवा.

दुसरा कागद बहुधा मराठीत असतो, उदाहरणार्थ सेवानिवृत्तीचे कार्यालयीन पत्र. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घ्या आणि मूळ प्रतीसोबत जोडा. घरच्या घरी केलेले भाषांतर बऱ्याचदा परत येते.

तहसीलदाराचा दाखला, सरपंचांचे पत्र, नोटरीचे प्रतिज्ञापत्र यांच्यामागे धावू नका. मागितले तर बघता येईल.

पत्र केव्हा पाठवावे? वडील बरे होतील म्हणून थांबलो तर?

कळल्याबरोबर पाठवा. थांबण्याची किंमत पायरीपायरीने वाढत जाते.

कॅस मिळण्याआधी पत्र गेले तर विद्यापीठाचे काम सोपे असते, ऑफरमधली तारीख बदलायची एवढेच. कॅस म्हणजे व्हिसाच्या अर्जासाठी विद्यापीठ देते तो क्रमांक. तो मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, त्यामुळे यंदाचा कॅस पुढच्या वर्षी चालत नाही. विद्यापीठ तो रद्द करते आणि पुढच्या वर्षी नवा देते. इथपर्यंत तुमच्या खिशाला फारशी झळ बसत नाही.

व्हिसाचा अर्ज भरला असेल तर मात्र तारखांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. बोटांचे ठसे देण्याआधी अर्ज मागे घेतला तर व्हिसाची फी परत मिळते. ठसे दिल्यानंतर पण निर्णय येण्याआधी मागे घेतला तर फी जाते, परंतु व्हिसाच्या अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार परत येतो. व्हिसा मंजूर झाला आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर अधिभारही परत मिळत नाही. विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार वर्षाला 776 पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्तीचा असतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पौंड भरावे लागतात. म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त रक्कम. भारतातून केलेल्या अर्जावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. ‘अजून आठ दिवस बघू’ म्हणता म्हणता हे पैसे जातात आणि घरात नेमके तेव्हाच औषधांना पैसे लागत असतात.

मंजूर झालेला व्हिसा पुढच्या वर्षी वापरता येईल का, असेही मुले विचारतात. नाही. तो त्याच अभ्यासक्रमाच्या त्याच तारखांना बांधलेला असतो. तुम्ही येत नाही हे विद्यापीठाला गृहखात्याला कळवावेच लागते.

ऑफर अजून कंडिशनल आहे, पदवीचा निकाल लागायचा आहे. तरी मागता येते?

मागता येते, पण अट सहसा माफ होत नाही, पुढेही ढकलली जात नाही. प्रवेश पुढच्या वर्षी असला तरी, समजा 60 टक्क्यांची अट असेल, तर ती याच निकालात पूर्ण करावी लागते. म्हणून गुणपत्रिका आली की न मागता पाठवून द्या. आपल्याकडे निकाल लांबतात. तसे झाले तर परीक्षा विभागाच्या पत्रासह कळवून ठेवा.

ऑफर स्वीकारलीच नसेल तर आधी ती स्वीकारा. न स्वीकारलेली ऑफर सहसा कोणी पुढे ढकलत नाही.

आयईएलटीएस पुन्हा द्यावी लागेल का?

निकाल परीक्षेच्या तारखेपासून दोन वर्षे ग्राह्य धरतात. सांगलीच्या मुलीने ऑक्टोबर 2025 मध्ये परीक्षा दिली, म्हणजे ऑक्टोबर 2027 पर्यंत चालेल आणि सप्टेंबर 2027 चा प्रवेश त्यात बसतो. तीच परीक्षा जून 2025 मध्ये दिली असती, तर जून 2027 मध्ये मुदत संपली असती आणि ऐन कॅसच्या वेळी अडकायला झाले असते. तुमची तारीख अशी काठावर असेल तर नवी परीक्षा केव्हा देणार तो महिना पत्रातच लिहा.

क्षयरोगाच्या तपासणीचे प्रमाणपत्र सहाच महिने चालते. ते पुन्हा करावेच लागते.

फी, डिपॉझिट, शिष्यवृत्ती आणि कर्जाचे काय?

फी बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या दराने लागते. ऑफर जुनी म्हणून फी जुनी असे नसते. डिपॉझिट बहुधा पुढच्या वर्षाच्या खात्यावर जमा राहते, पण डिफर केल्यावर ते परत मागता येईल का, याचे नियम बदलू शकतात. विनंती मान्य झाल्याचे कळवतील तेव्हा हे लेखी विचारून घ्या.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत फार सांभाळून. विद्यापीठाने प्रवेश पुढे नेला म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप पुढे गेली असे होत नाही, दोन्हींचे निर्णय वेगळ्या लोकांकडे असतात. चेवेनिंग तर पुढच्या वर्षावर नेता येतच नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी निवड झाली असेल, तर विद्यापीठाला पत्र पाठवण्याआधी पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात लेखी विचारणा करा. आधी तिकडचे उत्तर, मग इकडचे पत्र. हा क्रम उलटा झाला तर प्रवेश हातात राहील आणि जायला पैसे नसतील.

बँकेच्या कर्जमंजुरीला मुदत असते आणि ती ठरावीक सत्राची असते. शाखेत कळवा आणि नवी ऑफर आल्यावर नव्याने मंजुरी घ्यावी लागेल असे धरून चला.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट घरी बसून शांतपणे बोलायला हवी. व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते, एक दिवसही कमी पडून चालत नाही. शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव वडिलांच्या उपचारांत मोडली असेल, तर पुढच्या वर्षी ही रक्कम कुठून उभी करणार? हे गणित पत्रात मांडायचे नाही, पण ते सुटत नसेल तर ‘नक्की येईन’ हे वाक्य खरे ठरत नाही.

एजंटमार्फत अर्ज केला होता. पत्र त्यानेच पाठवले तर चालेल?

पत्र तुम्ही लिहा, तुमच्या नावाने आणि तुमच्या लॉगिनमधून पाठवा, एजंटला प्रत द्या. काही विद्यापीठे एजंटमार्फतच या म्हणतात, तिथेही मजकूर तुमचाच हवा. एजंटकडे तयार पत्र असते. त्यात ‘अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव’ एवढेच लिहिलेले असते आणि वर सांगितलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नसते.

घरात बहिणीचे लग्न आहे. हे कारण चालेल?

नाही. तारीख पुढे-मागे करता येते असा कोणताही समारंभ एका वर्षाचे कारण होत नाही.

त्या वर्षात नोकरी केली तर अडचण येईल का?

अर्धवेळ किंवा घरून केलेल्या कामाने अडचण येत नाही, उलट ते सांगितलेले बरे. पूर्णवेळ नोकरी मात्र पुण्याला आणि वडील सांगलीला असतील, तर पत्रातले कारण आणि लिंक्डइनवरचे पान एकमेकांशी जुळणार नाही.

विनंती नाकारली तर?

आधी कारण विचारा. कधी कधी पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रमच चालवायचा नसतो. काही अभ्यासक्रम जानेवारीतही सुरू होतात. तेवढ्याने तुमचे भागत असेल तर तसे विचारा. नसेल, तर ऑफर रीतसर मागे घ्या आणि पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करा. यंदा ऑफर मिळाली होती आणि घरच्या कारणाने घेता आली नाही, हे नव्या अर्जात एका वाक्यात लिहायला हरकत नाही.

नकार आला म्हणून तसेच निघून जायचे आणि जमले नाही तर डिसेंबरमध्ये परत यायचे, असा विचार काही जण करतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. अभ्यास मध्येच थांबवला की बहुतेकदा विद्यापीठ व्हिसाचे प्रायोजकत्व काढून घेते, फीचा मोठा भाग जातो, आणि मनाने तर तुम्ही सगळा वेळ सांगलीतच असता.

अमेरिका, जर्मनी किंवा इथल्या विद्यापीठांत असेच असते का?

अमेरिकेत पत्र असेच लिहायचे, मान्य झाले की नव्या तारखेचे आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रपत्र, घ्यावे लागते. तिथे विद्यापीठाइतकेच विभागाचेही मत चालते, म्हणून कोणा प्राध्यापकाने रिसर्च असिस्टंटशिप देऊ केली असेल तर त्यांना आधी कळवा. त्यांचे अनुदान वर्षावर बांधलेले असते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत प्रवेश पुढे नेत नाहीत, पुन्हा अर्ज करायचा असतो. आपल्याकडे सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्यांतून मिळालेली जागा पुढच्या वर्षी राखून ठेवत नाहीत. तिथे पत्र लिहिण्यात वेळ न घालवता, फी परत मिळण्याच्या मुदतीत प्रवेश रद्द करा.

मान्य झाले. आता वर्षभर काय करायचे?

नुसत्या ‘हो’च्या ईमेलवर राहू नका, नव्या तारखेचे ऑफर लेटर मागा. ते आले की अभ्यासक्रमाचे नाव, सुरू होण्याची तारीख, फी, उरलेल्या अटी आणि डिपॉझिटची नोंद तपासा. अनेक ठिकाणी ही ऑफर पुन्हा स्वीकारावी लागते. ते राहून गेले तर ती रद्दही होऊ शकते.

फेब्रुवारीच्या सुमारास एक छोटा ईमेल टाका, की मी ठरल्याप्रमाणे येत आहे. व्हिसाचे नियम ऑफरच्या नव्हे, अर्जाच्या तारखेचे लागतात, म्हणून एप्रिलमध्ये ते नव्याने वाचा. मे-जूनमध्ये पैशांची आणि कॅसची तयारी सुरू करा.

आणि अर्ज कॉलेजने दिलेल्या ईमेलवरून केला असेल तर तो पत्ता आजच बदलून स्वतःचा द्या. पदवी झाल्यावर कॉलेज ती खाती बंद करू शकते, आणि नव्या ऑफरचा ईमेल त्याच खात्यावर येतो.